लेनोरमांडमधली पक्षी, पत्र आणि घर ही कार्डं

लेनोरमांड या भविष्य बघायच्या ३६ कार्डांच्या गड्डीत पक्षी हे १२ नंबरचं कार्ड, पत्र २७ नंबरचं आणि घर ४ नंबरचं. कसली तरी बातमी यायची आहे आणि पार्टनरचा फोनही यायचाय, अशा वेळी लोक कार्डं काढतात आणि त्यात ही तीन एकत्र आली की बहुतेकांना वाटतं झालं, उत्तर मिळालं, फोन येणार. पण या तीन कार्डांचा आज रूढ असलेला अर्थ नीट धरला तर ती फक्त निरोप कशातून येणार आणि विषय कुठला एवढंच सांगतात, कोण फोन करणार आणि कधी करणार हे सांगणारं कार्ड या तिघांत एकही नाही. वाचन चुकतं ते जवळजवळ दरवेळी इथेच.

या गड्डीला नाव मिळालंय फ्रान्समधल्या मारी आन लेनोरमांड या प्रसिद्ध भविष्यवेत्तीचं, ती १८४३ मध्ये वारली आणि तिच्या नावाने ही कार्डं विकायला लागले ते त्यानंतर, म्हणजे तिने स्वतः ही गड्डी वापरल्याचा पुरावा नाही. मूळ आहे जर्मनीत, न्युरेंबर्गच्या योहान कास्पर हेख्टेलने १७९९ च्या सुमारास काढलेला आशेचा खेळ, ज्यात हीच ३६ चित्रं सहा बाय सहाच्या चौकोनात मांडून फासे टाकून सोंगटी पुढे न्यायची. म्हणजे सुरुवातीला हा सापशिडीच्या जातीचा घरगुती खेळ होता, भविष्य नंतर चिकटलं. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात साध्या पत्त्यांतलं एक पान छापलेलं असतं, पक्ष्यांवर चौकटची सत्ती, पत्रावर इस्पिकची सत्ती आणि घरावर बदामचा राजा. हा राजा लक्षात ठेवावा, कारण कार्डं वाचणारे काही जण घर या कार्डात घरातला मोठा पुरुष, वडील किंवा घर चालवणारा माणूस बघतात.

गंमत म्हणजे गड्डीसोबत जे जुनं सूचनापत्रक यायचं त्यात पक्षी म्हणजे बोलणं असं नाहीच. तिथे पक्षी प्रश्न विचारणाऱ्याच्या कार्डाजवळ पडले तर थोड्या दिवसांची अडचण आणि लांब पडले तर आनंदाचा प्रवास, असं आहे. पत्राबद्दल म्हटलंय की जवळ ढगांचं कार्ड नसेल तर लांबून चांगली बातमी, ढगांची काळी बाजू जवळ असेल तर दुःख. घर म्हणजे भरभराट, पण मांडणीच्या मध्ये विचारणाऱ्याच्या कार्डाखाली आलं तर आजूबाजूच्या लोकांपासून जपा. फोनचं पेटंट १८७६ चं आणि गड्डी त्याच्या कितीतरी आधीची, तेव्हा फोन कॉल हा पक्ष्यांचा अर्थ साहजिकच मागाहून आलाय. चिवचिव, गप्पा, दोघांचं बोलणं, त्यातली धाकधूक असं करत करत तो कॉलपर्यंत पोचला. यात चूक काहीच नाही, अर्थ वापरणाऱ्यांबरोबर सरकतातच, फक्त "पक्षी म्हणजे फोन हे पूर्वापार आहे" असं कोणी ठासून सांगितलं तर मान डोलवू नये.

आज बहुतेक वाचक जो फरक पाळतात तो असा. पक्षी म्हणजे तोंडी बोलणं, फोन, व्हॉइस मेसेज, दोन्हीकडून चाललेली बडबड आणि तिच्यासोबतची अस्वस्थता. पत्र म्हणजे लिहिलेलं काहीही, ईमेल, मेसेज, फॉर्म, करारनामा, निकालाचा कागद. तिसरं एक कार्ड इथे मुद्दाम सांगायला हवं, १ नंबरचा घोडेस्वार, कारण बातमी येणं, कोणीतरी दारात येऊन उभं राहणं ही हालचाल त्याची आहे. पक्ष्यांत बोलणं आहे आणि पत्रात मजकूर आहे पण पोचण्याची घाई दोघांतही नाही, आणि घर तर गड्डीतल्या स्थिर कार्डांपैकी एक, ते आहे तिथेच बसून राहतं. त्यामुळे पक्षी, पत्र, घर अशी ओळ आली आणि कोणी "आज रात्रीच" म्हणालं तर ती रात्र त्याने स्वतःच्या मनातून आणलीय, कार्डातून नाही.

आता एक उदाहरण पूर्ण करून बघू. समजा एक बाई भाड्याच्या घरासाठी अर्ज करून उत्तराची वाट बघतेय, आणि दुसऱ्या गावी असलेल्या पार्टनरशी तीन दिवसांपूर्वी याच घरावरून तिची कुरबुर झालीय, तेव्हापासून त्याचा फोन नाही. तिने विचारलं, "बातमी येईल का आणि तो फोन करेल का?" पहिला घोळ इथेच, हे दोन प्रश्न आहेत. एका ओळीत दोन प्रश्न घातले की जे कार्ड येईल ते हव्या त्या प्रश्नाला जोडता येतं. म्हणून तिने एकच ठेवला, उद्या रात्री दहापर्यंत त्याच्याकडून काही संपर्क होईल का आणि झाला तर कशाबद्दल. गड्डी पिसली, वरची तीन कार्डं डावीकडून उजवीकडे मांडली: पक्षी, पत्र, घर.

तीन कार्डांच्या ओळीत मधलं कार्ड हा गाभा. इथे मध्ये पत्र, म्हणजे मुख्य गोष्ट लिहिलेली असणार. तिला हवा होता फोन, पण फोनचं कार्ड बाजूला आहे. मग पहिली जोडी, पक्षी आणि पत्र. जोडीत पहिलं कार्ड नाम आणि दुसरं त्याचं विशेषण असं धरायची बऱ्याच जणांची पद्धत आहे, त्या हिशेबाने लिहून होणारं बोलणं, म्हणजे सरळ चॅटिंग. दुसरी जोडी पत्र आणि घर, घराबद्दलचा कागद किंवा मेसेज. शेवटी मधलं कार्ड झाकून दोन्ही टोकं एकत्र वाचायची, पक्षी आणि घर, घरगुती बोलणं, नाहीतर घरच्यांमध्ये चाललेली चर्चा. सगळं जोडून वाचन असं निघालं: आधी मेसेजांची देवाणघेवाण, विषय घर, सूर थोडा कावराबावरा. मनधरणी, प्रेमाचं बोलणं यातलं काही या ओळीत नाही, त्यासाठी २४ नंबरचं हृदय किंवा २५ नंबरची अंगठी कुठेतरी दिसायला हवी होती.

इथे तिला मोह होतो की पक्षी जोडीने असतात, म्हणजे आम्ही दोघं, म्हणजे तो परत येतोय. पक्ष्यांचा जोडपं हा अर्थ खरंच वापरात आहे, पण प्रश्न संपर्काचा विचारला असेल तर कार्ड संपर्काच्या अर्थानेच वाचायचं, मधूनच पट्टी बदलायची नाही. आणि मोठी अडचण म्हणजे या ओळीत माणूसच नाही. २८ नंबरचा पुरुष किंवा २९ नंबरची स्त्री आली असती तर कोणाकडून याचा काहीतरी धागा मिळाला असता. नाहीये म्हटल्यावर हीच तीन कार्डं घरमालकाच्या ईमेलला आणि त्यानंतरच्या फोनलाही तंतोतंत बसतात! तिने नंतर "बघ, खरं झालं" म्हणायचं की नाही हे मग कुठलं उत्तर आलं यावर नाही, तिला काय आठवायचंय यावर ठरतं.

क्रम बदलला की वाचन बदलतं. घर, पत्र, पक्षी असं आलं असतं तर घरून किंवा घराबद्दल आलेला कागद आणि त्यावरून पेटलेली बोलाबोली, म्हणजे फोन शेवटी येतो आणि कागदामुळे येतो. पत्र, पक्षी, घर असेल तर गाभा बोलण्याचा, मेसेजने सुरू होऊन घरच्या विषयावर जाऊन टेकणारं, आणि फोनची वाट बघणाऱ्याला तिन्हींत हीच ओळ सगळ्यात जवळची.

कोण हे विचारायचंच असेल तर तीन कार्डं पुरत नाहीत. सगळी ३६ कार्डं मांडायची पद्धत असते, नऊनऊच्या चार ओळी किंवा आठआठच्या चार ओळी आणि खाली चार, त्यात पुरुष आणि स्त्री ही कार्डं कुठे ना कुठे असतातच, मग पक्षी कोणाच्या शेजारी, पत्र कोणाच्या बाजूला, मध्ये २१ नंबरचा डोंगर आडवा आलाय का हे बघता येतं. वरच्या उदाहरणात पत्र पुरुषापासून चार जागा लांब आणि घर या कार्डाला खेटून पडलं असतं तर मजकूर पार्टनरचा नसून जागेच्या व्यवहाराचा, असं वाचलं गेलं असतं. कधी हा प्रश्न मात्र तिथेही डळमळीत, वेळ मोजायच्या पद्धती वाचकागणिक वेगळ्या आहेत आणि एकमेकींशी जुळत नाहीत.

आता थोडा हिशेब. ३६ मधून तीन कार्डं क्रम न धरता ७१४० प्रकारे निघू शकतात. त्यातल्या १६८४ प्रकारांत घोडेस्वार, पक्षी आणि पत्र यांपैकी निदान एक असतंच. म्हणजे कसलीही बातमी यायची नसली तरी दर चार वेळांत जवळजवळ एकदा ओळीत निरोपाचं कार्ड दिसणार. आणि उत्तर आवडलं नाही म्हणून परत पिसून तीनदा ओळ काढली तर ही शक्यता २४ टक्क्यांवरून ५५ टक्क्यांवर जाते. वाट बघणारी माणसं परत परत काढतातच (रात्री अकराला तर हमखास), आणि लक्षात राहते ती फक्त शेवटची ओळ. कार्डांनी पुढची घटना कळते असं कोणत्याही नीट तपासणीत सिद्ध झालेलं नाही, आणि वरचे आकडे बघितले की कार्डं लागू पडल्यासारखी का वाटतात हेही बऱ्यापैकी उलगडतं.

म्हणून जे काटेकोरपणे वाचतात ते कार्डं उलटी करायच्या आधीच प्रश्न, मुदत आणि कशाला "हो" म्हणायचं हे वहीत लिहून ठेवतात. वरच्या बाईच्या वहीत असं असेल: त्याच्याकडून मेसेज, उद्या रात्री दहापर्यंत, विषय घर. अकराला नुसतं "झोपलीस का" आलं तर माध्यम बरोबर पण वेळ आणि विषय चूक, अशी नोंद करायची. घरमालकाचा ईमेल दुपारी आला तर विषय बरोबर, माणूस चूक. आणि काहीच आलं नाही तर रेघ मारून तेही लिहायचं, कारण चुकलेल्या ओळी वहीत नसतील तर बरोबर आलेल्या किती हे कधीच कळत नाही.