उसाचं नाव घरीच राहिलं, साखरेचं जगभर गेलं

कौटिलीय अर्थशास्त्रात कोठाराच्या अधिकाऱ्यासाठी साठवायच्या जिनसांची यादी आहे. तिच्यात उसापासून होणारे पाच पदार्थ ओळीने येतात: फाणित, गुड, मत्स्यण्डिका, खण्ड आणि शर्करा. या ओळीत एक क्रम आहे. फाणित म्हणजे आटवलेला पातळ पाक, काकवीसारखा. गुड म्हणजे गूळ. मत्स्यण्डिका म्हणजे माशाच्या अंड्यांसारखी बारीक रवाळ साखर. खण्ड म्हणजे तुकडा. शेवटची शर्करा, म्हणजे मळी निथळून गेल्यावर उरणारे कोरडे, स्वच्छ खडे.

शर्करा या शब्दाचा मूळ अर्थ गोड नाही. शर्करा म्हणजे खडी, वाळू, बारीक दगड. सुश्रुतसंहितेत लघवीवाटे पडणाऱ्या खड्यांनाही शर्कराच म्हटलं आहे. पाक आटवून, थंड करून, मळी वेगळी केल्यावर हाताला जे लागलं ते वाळूसारखं कचकच लागलं, म्हणून त्याला वाळूचं नाव मिळालं. पुढची सारी कथा या कोरडेपणाची आहे.

उसाचा रस काही तासांत आंबायला लागतो. कापलेला ऊसही फार दिवस टिकत नाही. गलबतात घालून महिनाभराच्या प्रवासाला पाठवता येईल असा माल एकच, कोरडे खडे. त्यामुळे प्रवास केला तो खड्यांच्या नावाने. उसाचं संस्कृत नाव ‘इक्षु’. त्याचं पाळी भाषेत ‘उच्छु’ झालं, मराठीत ‘ऊस’ झालं, पण पश्चिमेच्या व्यापाराबरोबर ते गेलं नाही. पुढे ऊस स्वतः पश्चिमेकडे लावला गेला, तेव्हा तिथल्या लोकांनी त्याचं नाव साखरेवरून पाडलं. फारसीत तो ‘नै-शकर’, अरबीत ‘कसब अस्-सुक्कर’, स्पॅनिशमध्ये ‘कान्या दे आसूकार’, इंग्रजीत ‘शुगरकेन’. सगळ्यांचा अर्थ एकच: साखरेचं बोरू. ज्या वनस्पतीतून साखर निघते तिला साखरेच्या नावाने ओळखावं लागणं, हीच खूण आहे की या भाषांकडे माल आधी पोचला आणि रोप नंतर.

ग्रीकांकडे हा शब्द कसा पोचला ते अगदी जवळून पाहण्यासारखं आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत, भडोच आणि आसपासच्या बंदरांतून आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या मालात तांदूळ, तूप, तिळाचं तेल, कापड यांच्याबरोबर ‘बोरूतला मध, ज्याला साखरी म्हणतात’ असा उल्लेख येतो. त्याच शतकातला वैद्य डायोस्कोरिडीस ‘साखारोन’चं वर्णन करतो: गोठलेला मध, मिठासारखा, दाताखाली मिठासारखाच फुटणारा. ग्रीकांना साखरेसाठी उपमा सुचली मिठाची. आपल्याकडच्यांना सुचली होती वाळूची. दोघांनाही आधी जाणवली ती कचकच.

आता त्या ग्रीक शब्दातला ‘ख’ बघा. संस्कृतात ‘शर्करा’, म्हणजे ‘क’. पाळीत मात्र ‘सक्खरा’. ग्रीक शब्दातही महाप्राण व्यंजनच आहे. म्हणजे शब्द पोथीतल्या संस्कृतातून गेला नाही, तो लोक बोलत होते त्या प्राकृतातून गेला. बंदरावर माल मोजणारा माणूस शर्करा म्हणत नव्हता. आपल्या ‘साखर’ शब्दातही तोच ‘ख’ आहे. मराठी साखर आणि लॅटिन ‘साक्खारुम’ ही एकाच बोलीतून निघालेली भावंडं आहेत, आणि या एका अक्षरात मला दोन हजार वर्षांपूर्वीचा बंदराचा धक्का ऐकू येतो. एकोणिसाव्या शतकात डांबरापासून काढलेल्या कृत्रिम गोडीला नाव द्यायची वेळ आली, तेव्हा हाच लॅटिन शब्द पुढे आला आणि सॅकरिन झालं.

पण युरोपात रोज वापरला जाणारा शब्द ग्रीकांकडून आलेला नाही. तो दुसऱ्या वाटेने, फारसी ‘शकर’मधून अरबी ‘सुक्कर’ होऊन आला. या वाटेवर एक छान खूण आहे. अरबीत निश्चित नामाच्या आधी ‘अल्’ लागतं, आणि पुढे ‘स’ असला की त्यातला ‘ल’ विरून ‘अस्-सुक्कर’ असा उच्चार होतो. स्पॅनिश ‘आसूकार’ आणि पोर्तुगीज ‘असूकार’ यांच्या सुरुवातीचा ‘अ’ तिथून आला आहे. इटालियन ‘झुक्केरो’, फ्रेंच ‘स्यूक्र’, जर्मन ‘त्सुकर’, इंग्रजी ‘शुगर’ यांच्यात तो नाही. हा एकट्या साखरेचा योगायोग नव्हे. कापसाला अरबीत ‘कुत्न’. स्पॅनिशने त्याचं ‘अल्गोदोन’ केलं, इटालियनने ‘कोतोने’. याचं एक कारण असं दिलं जातं की आयबेरियात, म्हणजे स्पेन-पोर्तुगालमध्ये, अरबी ही शतकानुशतकं शेतात आणि घरात बोलली जाणारी भाषा होती, त्यामुळे शब्द बोलण्यातल्या जोडणीसकट उचलला गेला. इटालियन व्यापाऱ्याला तो मालाचं सुटं नाव म्हणून मिळाला. पिरेनीज पर्वताच्या उत्तरेकडे जो शब्द गेला तो इटलीच्या बाजूने, हे त्या ‘अ’च्या नसण्यावरून कळतं.

शर्करेच्या मागची नावंही थोडीफार फिरली. ‘खण्ड’ फारसीत ‘कंद’ झालं, अरबीत ‘कंद’, ‘कंदी’, आणि फ्रेंचमार्गे इंग्रजीत ‘कँडी’. ‘गुड’ पूर्वेला गेला. मलय आणि इंडोनेशियन भाषांत साखरेला ‘गुला’ म्हणतात. पाचांपैकी तीन नावांनी समुद्र ओलांडला. फाणित आणि मत्स्यण्डिका इथेच राहिली.

मग पंधराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज मलबारच्या किनाऱ्यावर उतरले. तिथे शर्करेचंच रूप असलेला ‘चक्करा’ हा शब्द गुळासाठी वापरात होता. पोर्तुगीजांनी त्याचं ‘जागरा’ केलं, इंग्रजांनी ‘जॅगरी’. त्यामुळे इंग्रजीत शुगर आणि जॅगरी हे दोन वेगळे पदार्थ, दोन वेगळे शब्द दिसतात, पण मूळ एकच आहे. एक अरबस्तानाला वळसा घालून आला, दुसरा थेट केरळातून. बोलणाऱ्याला त्यांचं नातं जाणवत नाही, कारण मधल्या हजारेक वर्षांत प्रत्येक मुक्कामाने आपापला घाव घातला आहे.

साखरेसारख्याच खुणा चहाच्या नावातही आहेत, पण त्या वाचताना एक चूक वारंवार होते. ‘जमिनीवरून गेला तो चाय, समुद्रावरून गेला तो टी’ हे सूत्र लोकप्रिय आहे. ते बरंचसं जुळतं, पण कारण चुकीचं सांगतं. पोर्तुगीज समुद्रावरूनच गेले आणि ते ‘शा’ म्हणतात, जुन्या उच्चारात ‘चा’. शब्द ठरवला तो बंदराने.

चीनमध्ये चहाचं अक्षर एकच आहे, उच्चार अनेक. जुन्या चिनीत त्याची सुरुवात ट-ड सारख्या मूर्धन्य व्यंजनाने होत असे. उत्तरेकडच्या आणि दक्षिणेतल्या कँटनच्या बोलीत त्या व्यंजनाचा पुढे ‘च’ झाला. फूज्यान प्रांताची मिन बोली त्या बदलाच्या आधीच फुटून निघाली होती, म्हणून तिथे ‘त’ टिकला आणि चहाला ‘ते’ म्हणतात. म्हणजे चा आणि ते हे दोन शब्द नव्हेत, एकाच शब्दाची दोन वयं आहेत, आणि त्यांतलं ‘ते’ व्यंजनाच्या बाबतीत अधिक जुनं आहे.

पोर्तुगीजांचं ठाणं 1557 पासून मकावला होतं, कँटनी बोलीच्या मुलखात. त्यांना ‘चा’ मिळाला. डचांचा व्यवहार होता फूज्यानच्या व्यापाऱ्यांशी. जावातलं बटाव्हिया आणि 1624 ते 1662 मध्ये तैवानवरची डच वसाहत, दोन्हीकडे समोरचा चिनी माणूस बहुधा मिन बोलणारा असे. डचांनी ‘ते’ उचललं. सतराव्या शतकात पश्चिम युरोपाला चहा पुरवण्यात डचच पुढे होते, म्हणून फ्रेंच, जर्मन, इंग्रजी सगळीकडे ‘ते’ची रूपं रुजली.

इंग्रजीने तर मधेच शब्द बदलला. 1615 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा जपानमधला एक कर्मचारी पत्रात उत्तम प्रतीचा ‘चॉ’ मागवतो. 1660 च्या सप्टेंबरात लंडनमध्ये सॅम्युअल पीप्स रोजनिशीत ‘टी’ हे चिनी पेय मागवल्याचं लिहितो. मधल्या काळात पुरवठादार बदलला होता. आणि तेव्हाचा उच्चार ‘टी’ असा ठरलेला नव्हता. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला अलेक्झांडर पोप या कवीने त्याचं यमक ‘ओबे’शी जुळवलं आहे, म्हणजे तो ‘टे’ म्हणत होता. मूळच्या ‘ते’च्या जवळच.

खुष्कीच्या वाटेवरची खूण आहे शेवटचा ‘य’. चिनीत तो नाही. फारसीत ‘आ’ने संपणाऱ्या शब्दांना ‘य’ जोडलेली रूपं चालतात; ‘पा’ आणि ‘पाय’ दोन्ही म्हणजे पाऊल. ‘चा’चं ‘चाय’ झालं ते याच सवयीने, असं बहुतेक अभ्यासक मानतात. रशियन, तुर्की आणि हिंदी या तिन्हींमध्ये ‘य’ आहे. अरबीत ‘च’ नसल्यामुळे ‘शाय’ झालं, पण ‘य’ तसाच राहिला. उलट बंगाली ‘चा’, जपानी ‘चा’ आणि मराठी ‘चहा’ यांत ‘य’ नाही. एका अक्षराच्या असण्यानसण्यावरून फारसीचा हात लागला की नाही याचा बराच अंदाज येतो.

मात्र शब्दाची वाट म्हणजे मालाची वाट, असं धरून चालता येत नाही. पोलिश भाषेत चहाला ‘हेर्बाता’ म्हणतात. तो ‘हेर्बा तेआ’ या औषधविक्यांच्या लॅटिन नावावरून आला: ‘ते’ नावाची वनस्पती. तिथे चहा आधी औषधाच्या फडताळात पोचला आणि तिथलंच नाव त्याला चिकटलं. पण तो उकळायच्या किटलीला पोलिश लोक ‘चायनिक’ म्हणतात, आणि हा शब्द रशियनमधून आलेला आहे. भांडं एका वाटेने आलं, पेय दुसऱ्या, आणि दोन्ही एकाच शेगडीवर बसतात.