तिकिटावरची कमेंट आणि दोन देशांतला हँडओव्हर

संध्याकाळी साडेसहाला हिंजवडीतून कंपनीच्या बसेस सुटायला लागतात, तेव्हा हिवाळ्यात न्यूयॉर्कमध्ये सकाळचे आठ वाजलेले असतात. इथला माणूस जागेवरून उठण्याआधी तिकिटावर, म्हणजे बिघाडाच्या संगणकातल्या नोंदीवर, शेवटची कमेंट टाकतो, तिथला माणूस कॉफी घेऊन तीच कमेंट उघडतो. ही पद्धत कुणी एका बैठकीत ठरवलेली नाही. ती हळूहळू तयार झाली.

सुरुवातीला कामाऐवजी माणसंच परदेशी जात. १९७० च्या दशकात भारतातून सॉफ्टवेअरची निर्यात म्हणजे बहुतांशी प्रोग्रामर विमानात बसवून ग्राहकाच्या कचेरीत पाठवणं. मुंबईत १९७३ मध्ये अंधेरीचं सीप्झ उभं राहिलं आणि इथे बसून निर्यातीचं काम करायला जागा मिळाली, पण कोड न्यायचा-आणायचा तो टेपवर. टेप पोचून उत्तर यायला दिवस नव्हे, आठवडे लागत. रोजचं काम एकमेकांच्या हाती देण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

हा अडथळा दूर केला तो उपग्रहाने. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९८५ मध्ये बंगळुरूत केंद्र काढलं आणि थेट उपग्रहाच्या दुव्याने ते अमेरिकेशी जोडलं. १९९१ मध्ये सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्सची संस्था स्थापन झाली. तिच्या पहिल्या केंद्रांत पुणं होतं. ज्या लहान कंपन्यांना स्वतःची डिश परवडत नव्हती, त्यांना तिथून ६४ किलोबिटची लाइन भाड्याने मिळू लागली. आज फोनवरचा एक फोटोही त्या वेगाने रखडत उतरेल. पण काळ्या पडद्यावर अक्षरं टाइप करून मेनफ्रेमवर काम करायला तेवढी लाइन पुरत होती.

मग एक गोष्ट ध्यानात आली. अमेरिकेतल्या बँका आणि विमा कंपन्या दिवसभराचे व्यवहार रात्री एकगठ्ठा चालवतात, ती रात्रीची बॅच. पूर्व किनाऱ्यावर रात्री दहाला सुरू होणारी बॅच हिवाळ्यात आपल्याकडे सकाळी साडेआठला सुरू होते. तिकडे जी कुणालाच नको असलेली रात्रपाळी, ती इकडे सरळ दिवसपाळी. वायटूकेच्या, म्हणजे २००० सालच्या तारखांचा घोळ निस्तरण्याच्या, कामामुळे भारतीय टीम्सना त्या जुन्या प्रणालींचं आतून ज्ञान झालं होतंच. त्यानंतर प्रॉडक्शन सपोर्ट, म्हणजे चालू प्रणाली सांभाळण्याचं काम, इकडे येत गेला, त्यामागे स्वस्ताईइतकाच घड्याळाचाही हात होता असं मला वाटतं.

तरीही हँडओव्हर बराच काळ माणसावर चालत असे. ऑनसाइट कोऑर्डिनेटर नावाचा आपलाच एक माणूस ग्राहकाकडे बसायचा. संध्याकाळी इकडून त्याला फोन, एक ई-मेल, सोबत एक्सेलची शीट. या मेलची खोट अशी की ती ज्याला गेली त्याच्याकडेच राहायची. कोऑर्डिनेटर रजेवर गेला की दोन्ही टीम्स आंधळ्या.

तिकिटाची सॉफ्टवेअर मात्र या कामासाठी बनलीच नव्हती. रेमेडी हे हेल्पडेस्कसाठी होतं, १९९८ चं बगझिला नेटस्केपमध्ये ब्राउझरमधल्या चुका नोंदवायला लिहिलं गेलं, आणि २००२ साली आलेल्या जिराचं नावही बगझिलावरूनच सुचलेलं. पण रेमेडीत ‘डायरी’ प्रकारचा एक रकाना होता. त्यात लिहिलेल्या प्रत्येक नोंदीवर नाव आणि वेळ आपोआप चढायची आणि नवी नोंद जुनीच्या जोडीला बसायची. दोन टीम्सना नेमकं हेच हवं होतं: प्रश्नाजवळच चिकटलेली, कुणाच्याही मेलबॉक्सवर न विसंबणारी, क्रमाने वाचता येणारी रोजनिशी. ग्राहकाला हिशेब तपासायला ती सोयीची पडली आणि आपल्याला कामाला. पुढच्या बऱ्याच साधनांत ही डायरी ‘कमेंट’ या नावाने आली.

कमेंटमधली एक उणीव किती महाग पडते हे मी एका विमा ग्राहकाच्या कामात पाहिलं. पाच पायऱ्यांचा जॉब होता. दुसरी पायरी त्या दिवशीचे क्लेम एका तात्पुरत्या टेबलात भरून कमिट, म्हणजे पक्के, करायची, तिसरी त्यातून मुख्य टेबल भरायची. आपल्याकडे सकाळी अकराच्या सुमारास तिसरी पायरी पडली:

```
ORA-01653: unable to extend table CLM.CLAIM_MAIN by 8192 in tablespace CLM_DATA
```

म्हणजे डेटाबेसमधली ठरवून दिलेली जागा संपली. जागा वाढवण्याचा अधिकार फक्त तिकडच्या डीबीएला, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्याला. जॉब तातडीचा नव्हता म्हणून त्याला रात्री उठवलं नाही. आमच्या टीममधल्या मुलाने त्रुटीची ओळ चिकटवली, ‘जागा वाढवा’ असं लिहिलं आणि तिकीट त्याच्या नावावर केलं. सकाळी त्याने जागा वाढवून दोन शब्द लिहिले: जागा वाढवली, जॉब पुन्हा चालवा. दोघांचंही लिहिणं खरं होतं. दुसऱ्या दिवशी इकडे वेगळ्या पाळीचा मुलगा होता. त्याने जॉब पुन्हा चालवला, पण पहिल्या पायरीपासून. दुसऱ्या पायरीने आधीच भरलेल्या नोंदींवर त्याच नोंदी पुन्हा भरल्या आणि या वेळी तिसरी पायरी सुखरूप पार पडली. जॉब हिरवा दिसत होता. चौथ्या पायरीच्या ताळमेळात मुख्य टेबलातल्या त्या दिवशीच्या नोंदींची संख्या मूळ फाइलच्या बरोबर दुप्पट आली, तेव्हा कुठे लक्षात आलं. संख्या नेमकी दुप्पट आली की पहिला संशय दोनदा चालवण्यावरच घ्यावा. पाचवी पायरी पत्रं छापायची. ती थांबवता आली, पण साफसफाईत आणखी एक पूर्ण फेरी गेली.

पहिल्या कमेंटमध्ये चार वाक्यं जास्त हवी होती. दुसऱ्या पायरीचा डेटा कमिट झालेला आहे. तिसरीचं इन्सर्ट मागे फिरलंय, मुख्य टेबलात आजचं काही नाही. जागा वाढल्यावर तिसऱ्या पायरीपासून रीस्टार्ट करायचं. पहिलीपासून चालवू नका, नोंदी दुप्पट होतील. शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं, कारण काय करायचं नाही हे लॉगमध्ये कुठेच नसतं. ते पडताना पाहणाऱ्याच्या डोक्यात असतं आणि तो बसमध्ये बसला की गेलं. शेजारी बसणाऱ्याला ते तोंडी विचारता येतं. साडेदहा तास लांबच्या माणसाला विचारायचं तर एका प्रश्नाला एक दिवस लागतो.

हे सगळ्यांना कळतं, तरी कमेंट त्रोटक राहतात. याची मुळं करारांत आहेत. एसएलएचं, म्हणजे करारात ठरलेल्या मुदतीचं, घड्याळ तिकिटाला जोडलं गेलं आणि ‘उत्तराच्या प्रतीक्षेत’ हे स्टेटस लावलं की ते थांबू लागलं. मग दिवस संपताना एखादा फुटकळ प्रश्न विचारून तिकीट पलीकडे टोलवायची सवय दोन्हीकडे लागली. ‘तपास चालू आहे’ हे वाक्य घड्याळासाठी असतं, वाचणाऱ्यासाठी नव्हे. एकच तिकीट तीन-चार वेळा इकडून तिकडे गेलंय आणि एकाही कमेंटमध्ये नवा आकडा, नवी फाइल, नवी वेळ नाही, असं दिसलं की ते टोलवलं जातंय असं खुशाल समजावं. यात मुलांचा दोष मी कमी मानतो. ज्या गोष्टीचं मोजमाप होतं तीच ती करतात.

वेळेवरून आठवलं. २००७ पासून अमेरिकेची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, आपली जागची हलत नाहीत. त्या सोमवारी बॅच इकडे साडेआठऐवजी साडेसातलाच सुरू होते, आणि पहिल्या बसने येणारा माणूसही तेव्हा अजून वाटेत असतो. म्हणून जुनी माणसं शुक्रवारच्या कमेंटमध्ये ‘सकाळी’ असं लिहीत नाहीत. दोन्ही ठिकाणची वेळ आकड्यात लिहितात, तारखेसकट.