आतडी चिकटल्याने होणारा अडथळा

पोटाची जुनी शस्त्रक्रिया झालेल्या माणसाच्या पोटात राहून राहून कळा येऊ लागल्या, उलट्या सुरू झाल्या आणि पोट फुगत चालले, तर ते अपचन आहे असे धरून चालता येत नाही. लहान आतडे कुठेतरी अडले असण्याची शक्यता आधी पाहावी लागते. अशा अडथळ्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे जुन्या शस्त्रक्रियेनंतर आतड्यांमध्ये तयार झालेले चिकटपट्टे. रुग्णाच्या घरचे लोक याला ‘आतडं अडकलं’ किंवा ‘आतड्याला पीळ पडला’ म्हणतात. पीळ हा त्यातला एक प्रकार असतो, आणि सर्वांत धोक्याचा तोच.

पोटाच्या आतून एक पातळ, ओलसर, गुळगुळीत अस्तर असते. त्यामुळेच साधारण सहा मीटर लांबीचे लहान आतडे स्वतःवरून सहज घसरत राहते. शस्त्रक्रियेत हे अस्तर खरचटते, काही ठिकाणी कोरडे पडते. काही तासांतच त्या जागी रक्तातील चिकट तंतूंचा थर बसतो. सर्वसाधारणपणे शरीर तो थर चार-पाच दिवसांत विरघळवते. जिथे तो विरघळत नाही, तिथे त्यात पेशी शिरतात आणि त्याचा कायमचा दोरीसारखा पट्टा बनतो. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर दहापैकी नऊ जणांच्या पोटात असे पट्टे सापडतात, पण त्यातल्या बहुतेकांना त्याचा आयुष्यभर पत्ताही लागत नाही. अडथळा होतो तो मोजक्यांना. तो शस्त्रक्रियेनंतर महिन्याने होऊ शकतो, तसाच वीस वर्षांनीही. अपेंडिक्स, गर्भपिशवी काढणे, सिझर, मोठ्या आतड्याचे ऑपरेशन यांपैकी काहीही मागे झालेले असू शकते. दुर्बिणीने केलेल्या शस्त्रक्रियेत पट्टे कमी बनतात, पण बनतच नाहीत असे नाही. मुंबईत याच्या जोडीला पोटाचा क्षयही लक्षात ठेवावा लागतो, कारण त्यानेही आतडे आक्रसते आणि चिकटते. पोटावर व्रण दिसतो म्हणून क्षयाचा विचार सोडून देणे बरोबर नाही.

कळा लाटेसारख्या का येतात, हे समजले की पुढचे सगळे समजायला सोपे जाते. आतडे अडथळ्यापलीकडे माल ढकलण्यासाठी जोर लावते, तेव्हा कळ उठते. ते दमले की कळ ओसरते. लहान आतड्याच्या अडथळ्यात दोन कळांमध्ये काही मिनिटेच जातात आणि मधल्या वेळात माणूस जवळजवळ ठीक दिसतो. इकडे लाळ, जठररस, पित्त आणि आतड्याचे रस मिळून दिवसाला सुमारे ७ लिटर द्रव पोटात येतच राहतो. एरवी तो परत शोषला जातो. अडलेल्या आतड्यात तो साठतो आणि गिळलेल्या हवेबरोबर आतडे फुगवतो. उलटीत आधी अन्न येते, मग हिरवे पित्त, आणि उशीर झाला तर शौचासारखा वास असलेला तपकिरी द्रव. अडथळा वर असेल तर उलट्या लवकर आणि जोरात होतात व पोट फारसे फुगत नाही. तो खाली, लहान आतड्याच्या शेवटाकडे असेल तर पोट ढोलासारखे होते आणि उलटी उशिरा सुरू होते.

याच टप्प्यावर घरचे फसतात. अडथळ्याच्या पलीकडच्या आतड्यात आधीचे शौच शिल्लक असते, त्यामुळे पहिल्या दिवशी एकदा शौचाला होऊ शकते. एनिमा दिला तर थोडे बाहेरही येते. ‘पोट साफ झालं, आता बरं वाटेल’ असे म्हणून मग आणखी एक दिवस जातो. जुलाबाचे औषध किंवा एरंडेल तेल दिल्यास बंद वाटेवर आतड्याला आणखी जोर करायला लावल्यासारखे होते. ओवा, हिंग, सोडा यांनी वाट मोकळी होत नाही. कळ थांबवणारी गोळी घेतली की दुखणे दबते, फुगणे मात्र चालूच राहते. म्हणून आज शौचाला झाली का, या प्रश्नापेक्षा गेल्या काही तासांत वारा सरला का, हा प्रश्न जास्त उपयोगाचा आहे.

लालबागच्या चाळीत राहणाऱ्या ५२ वर्षांच्या एका बाईंचे उदाहरण घेऊ. असे रुग्ण नेहमी दिसतात, त्यांच्यावरूनच ते रचले आहे. नऊ वर्षांपूर्वी ओटीपोटावर छेद घेऊन त्यांची गर्भपिशवी काढली होती. शनिवारी रात्री भाकरी आणि चवळीची उसळ खाल्ल्यावर तासाभरात बेंबीभोवती कळ उठली. दर चार-पाच मिनिटांनी ती येई, त्या पोट धरून वाकत आणि मग पुन्हा सरळ होत. अकराच्या सुमारास उलटी झाली, पहाटेपर्यंत उलटीचा रंग हिरवा झाला. सकाळी थोडे शौचाला झाले म्हणून सगळे निवांत झाले. दुपारी साडीची गाठ पोटाला रुतू लागली. संध्याकाळी मुलाने टॅक्सी करून त्यांना पालिकेच्या रुग्णालयात नेले.

कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरने विचारले, ‘मावशी, वारा सरतोय का?’ त्या मुलाकडे पाहून गप्प राहिल्या. मुलगा बाहेर गेल्यावर म्हणाल्या, ‘कालपासून एकदाही नाही.’ तपासणीत नाडी १०८, ताप नव्हता, जीभ कोरडी होती. बोटाने वाजवले तर पोट ढोलासारखे वाजत होते, आणि नेमक्या कळेच्या वेळी स्टेथोस्कोपमधून बारीक, टणटणीत गुरगुर ऐकू येत होती. दोन्ही जांघा उघडून पाहिल्या, कारण जांघेत अडकलेला छोटा हर्निया हेच कारण असेल तर पोटावरच्या जुन्या व्रणाकडे बघत बसून तो हातचा सुटतो. ही पाहणी राहून जाणे ही या आजारातली फार महागात पडणारी चूक आहे. उभ्याने काढलेल्या एक्स-रेत पायऱ्यांसारखे हवेचे आणि पाण्याचे थर दिसले. सीटी स्कॅनमध्ये लहान आतडे ३.८ सेंटिमीटर रुंद झालेले होते (३ सेंटिमीटरच्या वर गेले तर ते फुगलेले मानतात). जुन्या व्रणाखाली एका ठिकाणी ते अचानक बारीक होत होते आणि त्यापुढचा भाग रिकामा होता. आतड्याच्या भिंतीत रक्त मात्र नीट पोचत होते.

हे शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे, कारण पुढचा सगळा निर्णय त्यावर ठरला. नुसते अडलेले आतडे काही काळ थांबू शकते. पीळ पडून रक्तपुरवठा तुटलेले आतडे थांबू शकत नाही. काही तासांत ते काळे पडते. म्हणून त्या रात्री सर्जनांनी ऑपरेशन केले नाही. नाकातून जठरात रायल्स ट्यूब घातली. पहिल्या तासात १.२ लिटर हिरवट-तपकिरी द्रव बाहेर आला आणि त्यांना पहिल्यांदा जरा हायसे वाटले. तोंडाने काहीही द्यायचे नाही, शिरेतून सलाईन, लघवी मोजण्यासाठी कॅथेटर. रक्तात पोटॅशियम कमी होते, ते भरून काढले. उलट्यांमधून पोटॅशियम जाते, आणि ते कमी असले की आतडे आणखीच सुस्तावते. कळ सहन होईना म्हणून वेदनाशामक दिले. त्याने निदान झाकले जाते ही जुनी भीती आहे, दर काही तासांनी कोणीतरी पोटावर हात ठेवून पाहत असेल तर ती बाळगायचे कारण नाही. आतड्याची गती वाढवणारे उलटीचे औषध मात्र अडथळ्यात टाळतात.

सोमवारी सकाळी, जठर रिकामे झाल्यावर, नळीतून पाण्यात विरघळणारे आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट औषध १०० मिलिलिटर सोडले आणि नळी काही वेळ बंद ठेवली. जठर भरलेले असताना हे सोडले तर उलटीबरोबर ते फुप्फुसात जाण्याचा धोका असतो, म्हणून रात्रभर थांबणे भाग होते. हे औषध आतड्यात पाणी ओढून घेते आणि एक्स-रेवर पांढरे दिसते. चोवीस तासांच्या आत ते मोठ्या आतड्यात उतरलेले दिसले, तर अडथळा ऑपरेशनशिवाय सुटण्याची शक्यता फार चांगली असते. उतरले नाही, तर नुसते थांबण्यात अर्थ कमी उरतो. या बाईंचा वारा सोमवारी रात्रीच सरला. मंगळवारी एक्स-रेत औषध मोठ्या आतड्यात दिसले. नळी काढली, आधी पाणी, मग पेज, मग वरणभात, आणि गुरुवारी त्या घरी गेल्या. योग्य निवडलेल्या रुग्णांपैकी दहातील साधारण सातांचा अडथळा असा सुटतो.

उरलेल्यांचे काय होते, हे थांबण्याच्या काळात किती बारकाईने पाहिले जाते त्यावर ठरते. येऊन-जाऊन असणारी कळ सतत दुखू लागली, दोन कळांमधला आराम नाहीसा झाला, एका जागी हात लावू देईना, पोट कडक झाले, ताप आला, सलाईन देऊनही नाडी वाढतच राहिली, रक्तात पांढऱ्या पेशी किंवा पेशींना प्राणवायू कमी पडला की वाढणारे लॅक्टेट चढले, तर आतडे मरू लागल्याचा संशय घ्यायचा आणि त्याच वेळी थिएटर गाठायचे. अवघड हे की ही लक्षणे कधी उशिरा दिसतात, आणि वृद्ध माणसांत तर फार मंद असतात. म्हणून सीटीत आतड्याच्या भिंतीत रक्त पोचत नसेल, किंवा आतड्याचा एखादा वेढा दोन्ही टोकांनी बंद झालेला दिसला, तर लक्षणांची वाट पाहत नाहीत. यांतले काहीही नसेल आणि तरीही ७२ तासांत अडथळा सुटला नसेल, तर बहुतेक सर्जन ऑपरेशनकडे वळतात.

ऑपरेशनमध्ये अडथळ्याचा पट्टा कापून वेढा सोडवतात. तो काळसर दिसला तर कोमट सलाईनमध्ये भिजवलेल्या कापडात गुंडाळून काही मिनिटे थांबतात. गुलाबी रंग परतला, आतड्याने हालचाल केली, धमनीची ठोक दिसली, तर ते ठेवतात. नाहीतर तेवढा तुकडा काढून टोके जोडतात. सगळेच पट्टे सोडवत बसत नाहीत, कारण प्रत्येक नवे खरचटणे नव्या पट्ट्याला आमंत्रण असते, आणि फुगलेले आतडे हाताळताना फाटू शकते. दुर्बिणीने हे काम काही जणांतच सुरक्षितपणे होते.

काही जणांना हा त्रास पुन्हा होतो. कोणताही आहार पट्टे विरघळवत नाही, फक्त अरुंद झालेल्या जागेत न चावलेली संत्र्याची फोड किंवा तंतुमय घास अडकू शकतो, म्हणून नीट चावून खायला सांगतात. मुंबईत अनेकांची जुनी शस्त्रक्रिया गावी झालेली असते आणि तिचे कागद गावच्या घराच्या पेटीत राहतात. त्या कागदावर कोणता अवयव काढला, छेद कुठे होता, पोटात पू किंवा क्षय होता का, हे लिहिलेले असते. कागदाचा मोबाईलमध्ये फोटो असेल, तर पोटात शिरायची वेळ आलीच तर आधीचे पट्टे कुठे असतील आणि पहिला छेद कुठे घेऊ नये, हे सर्जनला आधीच ठरवता येते.