बाटलीवरची तारीख अर्धंच सांगते

बिअर घेताना बहुतेक जण बाटली फिरवून उत्पादनाची तारीख बघतात. कॅनवर ती सहसा बुडाला छापलेली असते. तारीख जवळची दिसली की बाटली पिशवीत जाते. पण ती बाटली त्यानंतर कुठे उभी होती, हे तारीख सांगत नाही.

बिअर शिळी होते ती मुख्यतः प्राणवायूमुळे. भरताना कितीही काळजी घेतली तरी बाटलीत तो थोडासा उरतोच. त्याच्यामुळे चाललेल्या क्रियांना उष्णता वेग देते. बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या हॉप्स या फुलांचा ताजा वास मावळतो आणि त्याच्या जागी भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. तिच्यामागे ट्रान्स-२-नॉनेनल नावाचं रसायन असल्याचं मानतात.

बिअर धंद्यात एक ढोबळ हिशेब चालतो: ३२ अंशांवर ३ दिवस, २२ अंशांवर ३० दिवस आणि ३ अंशांवर ३०० दिवस, हे सगळं बिअरला सारखंच बाधतं. समजा, १० जूनला तुमच्यासमोर दोन बाटल्या आहेत. पहिली ५ मेची, पण तीन आठवडे उघड्या फळीवर ३२ अंशांत काढलेली. दुसरी २० फेब्रुवारीची, पण सतत ३ अंशांच्या कूलरमध्ये असलेली. दुसरीचे ११० दिवस म्हणजे ३०० च्या तिसऱ्या हिश्श्याहून जरासेच जास्त. पहिलीचे २१ दिवस मात्र ३ दिवसांच्या सातपट! मी दुसरी घेईन. अर्थात हा हिशेब काटेकोर नाही, आणि कूलरमध्ये येण्याआधी ती ट्रकमध्ये किती तापली हे दुकानदारालाही ठाऊक नसतं.

उजेडाचा बिघाड वेगळाच, आणि त्याला महिने लागत नाहीत. हॉप्समधली कडवट द्रव्यं निळ्या आणि अतिनील प्रकाशात मोडतात. बिअरमधलं रायबोफ्लेविन, म्हणजे ब-२ जीवनसत्त्व, हा प्रकाश शोषून त्या मोडतोडीला हातभार लावतं. त्यातून गंधकाचं एक संयुग तयार होतं. स्वयंपाकाच्या गॅसला गळती कळावी म्हणून जो घाण वास मुद्दाम देतात, तो याच कुळातला. त्याचा अगदी नगण्य अंशही नाकाला कळतो. पारदर्शक बाटली कडक उन्हात ठेवली तर काही मिनिटं पुरतात. हिरवी काच फारशी वाचवत नाही, तपकिरी बऱ्यापैकी वाचवते आणि कॅनमध्ये उजेड शिरतच नाही. काही कंपन्या पारदर्शक बाटलीसाठी प्रक्रिया केलेला हॉप्सचा अर्क वापरतात, त्यामुळे निव्वळ काचेवरून निकाल देऊ नये. कूलरमधली ट्यूबलाइटही निर्दोष नाही, तिला फक्त वेळ जास्त लागतो. म्हणून हिरवी बाटली हवीच असेल, तर मी दर्शनी रांग सोडून मागची किंवा बंद खोक्यातली मागतो. दुकानदार कपाळाला आठ्या घालतो, पण देतो.

घरी बाटली उघडल्यावर ग्लासात ओता आणि पहिल्या घोटाआधी हुंगा. गंधकाचा वास लगेच वर येतो, काही क्षणांनी नाक त्याला सरावतं. पुठ्ठा मात्र घोट घेतल्यावर, जिभेच्या मागच्या बाजूला कळतो.