‘उष्णतेची हानी’ या वाक्याची पूर्वपीठिका

पुण्यातल्या कुठल्याही कॉलेजात बी.एस्सी.ची फिजिक्सची जर्नलं चाळा. कॅलरीमीटरच्या, म्हणजे उष्णता मोजायच्या भांड्याच्या प्रयोगाखाली एक वाक्य हमखास सापडतं: ‘उष्णतेची हानी झाल्यामुळे उत्तरात फरक आला.’ उत्तर कमी आलं तरी हेच, जास्त आलं तरी हेच. वरच्या गृहीतकांमध्ये मात्र ‘हानी नगण्य आहे’ असं आधीच लिहिलेलं असतं. ही हानी किती आणि कोणत्या दिशेला, हे मोजता येतं. मोजायचं कसं, यावर लोकांनी दोनशेहून अधिक वर्षं डोकं चालवलं आहे.

गरम वस्तू गार पाण्यात टाकून तापमान किती बदललं यावरून उष्णता काढायची, या मिश्रण पद्धतीचा पाया स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकने 1760 च्या सुमारास घातला. त्याआधी उष्णता पदार्थाच्या आकारमानाप्रमाणे किंवा वजनाप्रमाणे वाटली जाते, अशी समजूत होती. फॅरनहाइटने केलेल्या मिश्रणांत पाणी आणि पारा मिसळल्यावर दोघांच्या बरोबर मधलं तापमान यायला आकारमानाने दोन भाग पाण्याला तीन भाग पारा लागला, अशी नोंद होती. आजच्या आकड्यांशी ते प्रमाण जुळत नाही, मोजणी कच्ची असणार. पण पारा पाण्याच्या साडेतेरापट जड, तरी उष्णता इतकी कमी धरतो, याचा अर्थ वजनावर काही ठरत नाही, हे ब्लॅकने ओळखलं. प्रत्येक पदार्थाची उष्णता धरण्याची क्षमता वेगळी असते हा विचार तिथून आला.

हानीकडे पहिल्यांदा गंभीरपणे पाहिलं ते लाव्वाझिए आणि लाप्लास यांनी. 1782-83 च्या हिवाळ्यात त्यांनी बर्फाचा कॅलरीमीटर वापरला. गरम वस्तूभोवती बर्फ आणि त्याच्याबाहेर बर्फाचं आणखी एक वेष्टण. खोलीची उष्णता बाहेरच्या बर्फाने अडवायची, म्हणजे आतलं वितळलेलं पाणी निव्वळ वस्तूमुळे. कल्पना उत्तम, पण वितळलेलं पाणी बर्फाच्या तुकड्यांना चिकटून राहायचं आणि वजन कमी भरायचं.

पुढे लाव्वाझिएच्या विधवा पत्नीशी लग्न केलेल्या काउंट रम्फर्डने 1812 च्या सुमारास फार साधी युक्ती वापरली. पाण्याचं तापमान आठ अंशांनी वाढणार असेल, तर ते खोलीपेक्षा चार अंश थंड घेऊन सुरुवात करायची. पहिल्या निम्म्यात खोलीकडून उष्णता येईल, दुसऱ्या निम्म्यात तेवढीच जाईल. आज लॅबमध्ये ‘पाणी थोडं गार घ्या’ असं सांगतात ते इथून आलं. कारण मात्र बहुतेक वेळा सांगायचं राहून जातं.

या युक्तीत एक खोट आहे. गरम धातू पाण्यात पडल्यावर तापमान सुरुवातीला झपाट्याने चढतं आणि शेवटी रेंगाळतं. म्हणजे कॅलरीमीटर खोलीपेक्षा थंड असण्याचा काळ थोडा आणि गरम असण्याचा बराच. हिशोब पुरता फिटत नाही, थोडी हानी उरतेच. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात रेन्यो आणि त्याच्यानंतरच्यांनी वेळेचा हिशोब सुरू केला: मिश्रणाआधी आणि नंतरही ठरावीक अंतराने तापमान नोंदवायचं आणि थंड होण्याच्या वेगावरून गेलेली उष्णता काढायची. पाया न्यूटनच्या 1701 च्या शीतकरण नियमाचा. आपल्या लॅबमध्ये त्याचं सोपं रूप चालतं. कमाल तापमान यायला जेवढा वेळ लागला, तेवढ्याच पुढच्या वेळात पारा किती उतरला ते बघायचं आणि त्याच्या निम्मे कमाल तापमानात मिळवायचे.

आता एक उदाहरण. 100 ग्रॅम तांब्याचा कॅलरीमीटर, त्यात 150 ग्रॅम पाणी, दोन्ही खोलीच्या तापमानाला, 26 अंशांवर. दोघांना मिळून दर अंशाला सुमारे 665 जूल लागतात. त्यात वाफेत 98 अंशांवर तापलेले 100 ग्रॅम ॲल्युमिनियमचे तुकडे टाकले. ढवळणं जरा संथ होतं, चार मिनिटांनी कमाल तापमान 34.3 मिळालं. यावरून ॲल्युमिनियमची विशिष्ट उष्णता, म्हणजे एक ग्रॅम एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता, 0.867 जूल प्रति ग्रॅम प्रति अंश येते. पुढच्या चार मिनिटांत तापमान 0.5 ने उतरलं. निम्मे, म्हणजे 0.25 मिळवले की कमाल 34.55 होतं आणि उत्तर 0.897. पाव अंशाने साडेतीन टक्क्यांचा फरक पाडला.

98 का, 100 का नाही? कारण पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंच आहे आणि इथे पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. पुस्तकातली वाफ समुद्रकाठची असते. थर्मामीटर न बघता वाफेचं तापमान 100 लिहिलं तर वरच्याच रीडिंगवरून 0.867 ऐवजी 0.841 येतं, आणि हा फरकही बिचाऱ्या ‘हानी’च्या नावावर जमा होतो. कॅलरीमीटरची स्वतःची उष्णता धरायची विसरलात तर 0.817.

हे सगळे दोष एकाच दिशेचे, उत्तर कमी करणारे आहेत. मिश्रण पद्धतीत धातूचं उत्तर जास्त आलं, तर खोलीपेक्षा गरम झालेल्या पाण्याच्या हानीला दोष देता येत नाही. तिथे वेगळा गुन्हेगार शोधावा लागतो: तुकड्यांबरोबर आलेलं गरम पाणी, किंवा टाकताना बाहेर उडालेलं पाणी. वरच्या प्रयोगात एक ग्रॅम गरम पाणी आत गेलं तरी उत्तर 0.04 ने वाढतं. विजेने द्रव तापवण्याच्या प्रयोगात दिशा बरोबर उलटते. तिथे हानीमुळे द्रवाची विशिष्ट उष्णता जास्त दिसते.

पुण्याच्या पावसाळ्यात रम्फर्डची युक्तीही अंगावर येऊ शकते. खोली 26 वर आणि पाणी 22 वर असेल, तर दमट हवेत कॅलरीमीटरला बाहेरून दव धरतं. एक दशांश ग्रॅम दव म्हणजे जवळपास 240 जूल, म्हणजे पाण्याचं तापमान एक तृतीयांश अंशाहून जास्त वर. वर जेवढी हानी भरून काढली, त्याहून हे जास्त आहे. भांडं पुसून कोरडं राहतं का ते आधी पाहावं; दव दिसलं तर गारवा कमी ठेवून वरची निम्म्याची दुरुस्ती करणं बरं.

राहिलं दुसरं गृहीतक, विशिष्ट उष्णता स्थिर असते हे. पाण्यापुरतं ते चालतं. अमेरिकेत रोलंडने 1879 च्या सुमारास दाखवलं की पाण्याची विशिष्ट उष्णता तापमानाबरोबर आधी कमी होते, साधारण 30 अंशांपाशी तळ गाठते आणि मग वाढते. आपण नेमके त्या तळाजवळ काम करतो, त्यामुळे 26 ते 35 मधला फरक एक दशांश टक्क्याच्याही आत राहतो.

धातूचं तसं नाही. ॲल्युमिनियमचा 0.90 हा तक्त्यातला आकडा 25 अंशांचा आहे. आपण मोजतो ती 35 ते 98 अंशांमधली सरासरी, आणि ती 0.92 च्या आसपास असते. तेव्हा दुरुस्तीनंतर आलेलं वरचं 0.897 तक्त्याशी जुळलं म्हणून खूश होण्यात अर्थ नाही. तुकडे वाफेतून पाण्यापर्यंत नेताना हवेत काही उष्णता गेली, आणि पाणी चढतं असताना निम्म्याची दुरुस्ती अपुरी पडली, कारण पाणी बराच काळ कमाल तापमानाजवळच होतं. ही दोन्ही कारणं त्या 0.02 मध्ये दडलेली आहेत. जर्नलमध्ये ‘हानी’ लिहायचीच असेल तर ती इथे लिहावी, आकड्यासकट.