डायलायसिसचं मशीन काय करतं आणि काय करत नाही

आमच्या केंद्रात नव्याने येणारे बरेच जण विचारतात, "मशीन रक्त गाळतंय ना, मग पाणी मोजून का प्यायचं?" उत्तरासाठी आधी मूत्रपिंडाच्या आत डोकवावं लागतं.

एका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे गाळणीला जोडलेल्या बारीक नळ्या असतात. गाळणी हा केसांहून बारीक रक्तवाहिन्यांचा गुच्छ. त्यात रक्त आणणारी वाहिनी रुंद आणि नेणारी अरुंद, म्हणून आत दाब वाढतो आणि रक्तातलं पाणी, मीठ, साखर, युरिया सगळं सरसकट बाहेर ढकललं जातं. रक्तपेशी आणि मोठी प्रथिनं तेवढी मागे राहतात. लघवीला सतत फेस येत असेल तर डॉक्टर प्रथिनं तपासायला सांगतात, ते गाळणीला भोकं पडली आहेत का हे पाहण्यासाठी.

```
रक्त आत (रुंद वाहिनी)    रक्त बाहेर (अरुंद वाहिनी)
        │                      ▲
        ▼                      │
      [१ केशिकागुच्छ]──────────┘
        │  गाळलेला द्रव
      [२ बोमनचं संपुट]
        │
      [३ जवळची नलिका] ──► रक्तात परत: साखर,
        │                 बरंचसं पाणी व मीठ
      [४ हेन्लेचा वळसा] ──► परत: मीठ, पाणी
        │
      [५ दूरची नलिका] ──► परत: थोडं मीठ
        │             ◄── रक्तातून आत: पोटॅशियम
      [६ संग्राहक नलिका] ──► परत: गरजेपुरतं पाणी
        │             ◄── रक्तातून आत: पोटॅशियम
        ▼
       मूत्र
```

दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. लघवी होते दीड-दोन लिटर. बाकीचं सगळं नळ्या परत रक्तात घेतात. त्या १८० लिटरमध्ये पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास साखर असते आणि निरोगी माणसात ती जवळजवळ सगळी परत येते. म्हणजे मूत्रपिंडाची रीत अशी: आधी घर रिकामं करायचं, मग हवं ते उचलून आत आणायचं. शेवटच्या नळीत किती पाणी परत घ्यायचं, हे मेंदूकडून येणारं एक संप्रेरक ठरवतं. कमी पाणी प्यायल्यावर लघवी गडद होते ती त्यामुळेच.

मशीनला हे उचलून आणणं जमत नाही. डायलायझर, ज्याला आमचे तंत्रज्ञ नुसतं 'फिल्टर' म्हणतात, त्यात हजारो पोकळ धागे असतात. धाग्यांच्या आतून रक्त वाहतं आणि बाहेरून उलट दिशेने डायलायसिसचा द्रव. युरिया रक्तात जास्त आणि द्रवात शून्य, म्हणून तो धाग्याच्या भिंतीतून बाहेर जातो. मग मीठ का निघून जात नाही? कारण द्रवात सोडियम रक्ताइतकंच ठेवलेलं असतं. पोटॅशियम मुद्दाम कमी असतं, म्हणजे जास्तीचं निघावं. जे काम नेफ्रॉन क्षणाक्षणाला ठरवून करतो, ते इथे द्रव बनवतानाच ठरवून टाकावं लागतं.

पाण्याचं गणित वेगळं, ते दाबाने काढतात. समजा तुमचं कोरडं वजन, म्हणजे अंगात जास्तीचं पाणी नसतानाचं वजन, ६० किलो आहे आणि तुम्ही ६२.५ किलोने आलात. जास्तीचं अडीच लिटर, शिवाय शेवटी नळीतलं रक्त परत देताना जाणारं पाव लिटर सलाइन, मिळून पावणेतीन लिटर. चार तासांत काढायचं म्हणजे ताशी सुमारे ६९० मिली, प्रत्येक किलोमागे साडेअकरा. ही गती सहसा १३ च्या आत ठेवतात. पण तुम्ही ६४ किलोने आलात तर हाच आकडा जवळजवळ १८ होतो. पाणी निघतं ते रक्तातून, आणि सुजलेल्या अंगातलं पाणी रक्तात यायला वेळ लागतो. मधल्या वेळात रक्तदाब घसरतो, पायात गोळे येतात, जांभया येतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी डॉक्टर वेळ वाढवतात किंवा काही पाणी पुढच्या वेळेवर ठेवतात.

पाणी मोजून प्यायचं ते म्हणूनच. आठवड्याच्या १६८ तासांपैकी मशीन साधारण १२ तास चालतं, नेफ्रॉन चोवीस तास चालायचे. (अजून बऱ्यापैकी लघवी होत असेल तर मुभा थोडी जास्त असते, डॉक्टरांना विचारून ठरवा.)

सफाई नीट झाली का, हे आधीच्या आणि नंतरच्या युरियावरून कळतं. १४० चा ४२ झाला तर घट ७० टक्के, चांगली. ६५ च्या खाली ती वारंवार येऊ लागली तर आम्ही तीन गोष्टी पाहतो: वेळ कापली गेली का, फिल्टरमधले धागे रक्त साकळून बंद झाले का, आणि फिस्टुलात, म्हणजे मशीनला जोडण्यासाठी हातातली धमनी आणि शीर एकमेकींना जोडून केलेल्या वाहिनीत, साफ झालेलंच रक्त पुन्हा मशीनमध्ये फिरतंय का. हातावरच्या फिस्टुलाची थरथर रोज बोटांनी तपासा. ती जाणवली नाही तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी फोन करा.