न्हाणीघराचे जलरोधन आणि पाणी साठवून घ्यायची चाचणी

न्हाणीघराच्या लाद्यांखाली, भिंतींच्या पायथ्याशी आणि पाइपांच्या छिद्रांभोवती पाणी न झिरपणारा सलग थर देण्याच्या कामाला जलरोधन म्हणतात. बांधकामावर त्याला वॉटरप्रूफिंग हाच शब्द रूढ आहे. लाद्या स्वतः पाणी अडवत असल्या तरी त्यांच्या सांध्यांतील सिमेंट पाणी शोषते. हे पाणी लाद्यांखालच्या मसाल्यात उतरते आणि तेथे दिवसेंदिवस साचून राहते. त्यामुळे खरा अडथळा लाद्यांखालीच असावा लागतो. महाराष्ट्रातील बहुतेक इमारतींत न्हाणीघराचा स्लॅब खाली घेऊन वर वीटतुकड्यांचा कोबा भरतात. अशा ठिकाणी एक थर स्लॅबवर आणि दुसरा कोब्यावर, असे दोनदा जलरोधन करणे योग्य. केवळ वरच्या थरावर भिस्त ठेवल्यास तो फुटताच भरावात पाणी साचते आणि खालच्या घराच्या छताला ओल येते.

प्रत्यक्ष गळती सपाट भागातून क्वचित होते. ती बहुधा जमिनीवरचे पाणी ड्रेनेजच्या पाइपात सोडणारा नहाणी ट्रॅप, संडासचा पाइप आणि उंबरा या तीन ठिकाणी होते. पीव्हीसी पाइप गुळगुळीत असल्याने सिमेंट त्याला घट्ट धरत नाही. शिवाय गरम पाण्याने तो काँक्रीटपेक्षा कितीतरी जास्त प्रसरण पावतो. म्हणून छिद्र नुसत्या मसाल्याने बुजवले, तर काही महिन्यांत पाइपाभोवती केसाएवढी फट पडते आणि पाणी पाइपाच्या अंगानेच खाली उतरते. हे टाळण्यासाठी पाइपाचा भाग पॉलिश पेपरने खरखरीत करतात, छिद्रातील सैल मसाला काढून ते धुतात, खालून फळी लावून न आकसणारे ग्राउट ओततात आणि वरच्या कडेला पाइपाभोवती सुमारे १० ते १५ मिमी खोल खाच ठेवून ती लवचीक सीलंटने भरतात. ही खाच ठेवण्याचा कंटाळा बहुतेक गवंडी करतात. साऱ्या कामात दुर्लक्ष न परवडणारी बाब कोणती, तर हीच.

भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात मसाल्याची गोलाई, म्हणजे वाटा, काढतात; काटकोनात लेप ताणला जाऊन चिरतो. नंतर पृष्ठभाग किंचित ओला करून पॉलिमरमिश्रित सिमेंटचा लेप ब्रशने देतात. पहिला लेप सुकल्यावर दुसरा त्याच्या आडव्या दिशेने मारतात, म्हणजे पहिल्यात राहिलेली बारीक भोके बुजतात. कोपऱ्यांत आणि पाइपांभोवती दोन लेपांच्या मध्ये काचतंतूंची जाळी बसवतात. लेप भिंतीवर किमान ३०० मिमी, शॉवरच्या बाजूस डोक्याच्या उंचीपर्यंत आणि उंबऱ्यावरही चढवतात. ट्रॅपपाशी तो तोंडाच्या आत वळवावा लागतो.

लेप पूर्ण पक्का झाल्यावर, म्हणजे उत्पादकाने सांगितलेले दिवस गेल्यावर, लाद्या बसवण्यापूर्वी पाणी साठवून चाचणी घेतात. ट्रॅपला बूच मारताना ते खालच्या पाइपात बसवावे; तोंडावरच बसवले, तर ट्रॅप आणि काँक्रीटचा सांधा पाण्याखाली येतच नाही आणि नेमकी संशयाची जागा तपासायची राहते. दारात विटेचा बांध घालून ५० मिमी पाणी भरतात आणि भिंतीवर पेन्सिलीने रेघ ओढतात. मुदत किमान २४ तास असते. ४८ ते ७२ तास ठेवलेले बरे, कारण भरावातून पाणी खाली पोहोचायला वेळ लागतो.

पातळी उतरली म्हणजे गळती आहेच, असे नाही. काही पाणी हवेत उडून जाते. म्हणून त्याच खोलीत रुंद तोंडाच्या टबात पाणी ठेवून तिथेही रेघ मारावी. समजा, १.२ मीटर रुंद व २.१ मीटर लांब न्हाणीघरात ५० मिमी, म्हणजे सुमारे १२६ लिटर पाणी भरले. दोन दिवसांत ते ११ मिमी उतरले आणि टबातील ३ मिमी उतरले. उरलेला ८ मिमीचा फरक म्हणजे सुमारे २० लिटर पाणी कुठेतरी गेले. आधी खालच्या मजल्यावर ड्रेनेजच्या पाइपात थेंब पडतात का, ते पाहावे. पडत असतील, तर बूच सैल आहे. पडत नसतील, तर पाणी तसेच राहू द्यावे. ते पातळी कमी होत जिथे थांबेल, त्याच उंचीवर दोष असतो: थांबलेली पातळी जमिनीपासून वर असली, तर भिंत किंवा उंबरा तपासावा, आणि ट्रॅपच्या कडेपर्यंत किंवा आत उतरली, तर ट्रॅपचा सांधा. दुरुस्तीनंतर चाचणी पुन्हा घ्यावी लागते.

लाद्या बसवल्यावरही एक दिवस पाणी साठवून पाहतात, कारण मधल्या काळात फावड्याच्या टोकाने किंवा प्लंबरने मारलेल्या खिळ्याने लेप फाटलेला असू शकतो. मात्र या चाचणीने भिंतीतील नळाचे पाइप तपासले जात नाहीत. त्यांची गळती दाब देऊन वेगळी शोधावी लागते. न्हाणीघर काही दिवस वापरात नसूनही खालच्या छताची ओल वाढतच असेल, तर संशय आधी त्या पाइपांवर घ्यावा.